घटना अहवालात आधी कृती, मग कारण: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकांची प्रतिक्रिया: «आपल्या नमुन्यात ‘तातडीने केलेली कृती’ कारणांच्या आधी येते, हे मला उलटे वाटते. कारण कळल्याशिवाय ती कृती योग्य होती की नाही, हे वाचणाऱ्याला कसे कळणार? शिवाय केलेले आणि करायचे असे वेगळे भाग पाडून अहवाल उगाच लांबतो. आमच्याकडे ‘कारण’ आणि ‘उपाययोजना’ असे दोनच मथळे असतात आणि काम चालते.»

नमस्कार.

आमच्या नमुन्यात तीन भाग आहेत: तातडीने केलेली कृती, कारण आणि पुढे करायचे काम. तातडीची कृती ज्यांनी केली, त्यांनाही त्या क्षणी कारण ठाऊक नव्हते. ती कारणाच्या आधी लिहायची ती यासाठीच. कारण आधी वाचले की पुढची प्रत्येक हालचाल आपण त्या कारणाच्या उजेडात पाहतो आणि गॅसगळतीच्या अहवालात ऑपरेटरने अमुक व्हॉल्व्ह आधी का बंद केला नाही, असा प्रश्न विचारू लागतो. त्याच्या हाती त्या वेळी फक्त वास आणि दाबमापकाचा काटा होता. त्याची कृती योग्य होती की नाही, हे तेवढ्याच माहितीवर ठरवायला हवे.

माझ्या अनुभवातले एक प्रकरण तपशिलाने सांगतो. गोव्यात साष्टीतल्या एका जेटीजवळचा बर्फाचा कारखाना होता. आपल्याकडे जून आणि जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे हा कारखानाही दोन महिने थंडच होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी बर्फाचे डबे काढणाऱ्या मदतनिसाने «अमोनियाचो वास येता» असे ओरडून सांगितले. ऑपरेटरने तीन मिनिटांत कॉम्प्रेसर बंद केला आणि मग द्रव अमोनिया साठवणाऱ्या रिसीव्हरच्या तोंडाचा व्हॉल्व्ह बंद केला. सगळ्यांना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेच्या फाटकाकडे नेऊन माणसे मोजली. त्यानंतर बर्फाच्या टाकीच्या कॉइलकडे जाणारा व्हॉल्व्हही त्याने बंद केला. गळती शोधायला गंधकाची वात पेटवून फिरवली, तेव्हा या दोन व्हॉल्व्हांच्या मधल्या तिसऱ्या व्हॉल्व्हच्या ग्लँडपाशी, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे (स्पिंडलभोवतीचे) पॅकिंग नटाने दाबून धरलेले असते तिथे, दाट पांढरा धूर दिसला. ६ वाजून ५ मिनिटांनी मेकॅनिकने ग्लँडचा नट आवळला आणि गळती थांबली.

अहवालात ‘उपाययोजना’ या मथळ्याखाली एकच वाक्य होते: «रिसीव्हरचा व्हॉल्व्ह बंद केला, ग्लँड आवळली, पॅकिंग बदलण्यात यावे, कामगारांना सूचना दिल्या.» चार क्रियांपैकी तीन भूतकाळी आणि मधली एक ‘यावे’. व्यवस्थापकांनी ते वाचले आणि पॅकिंग बदलले गेले असे धरून चालले. ज्यांनी ते बदलायचे होते, त्यांच्यापर्यंत काम पोचलेच नाही, कारण नाव आणि तारीख मागणारी जागाच त्या कागदावर नव्हती. तीन आठवड्यांनी तीच ग्लँड पुन्हा गळली.

या वाक्यात त्याहून मोठी एक गोष्ट सुटली होती. कॉइलकडचा व्हॉल्व्ह बंद केल्याचा उल्लेखच नव्हता. दोन बंद व्हॉल्व्हांच्या मधल्या नळीत द्रव अमोनिया अडकला की तो उन्हाने तापून फुगतो, आणि नळी द्रवाने पूर्ण भरलेली असेल तर त्याला फुगायला जागा नसल्याने दाब भयंकर वेगाने चढतो, इतका की नळी किंवा व्हॉल्व्ह फुटू शकतो. ग्लँड गळत होती तोवर त्या नळीला सुटकेची वाट होती. गळती थांबली तेव्हाच हा नवा धोका सुरू झाला. दुपारच्या पाळीच्या माणसाने रात्रीच्या ऑपरेटरला बंद केलेल्या व्हॉल्व्हांबद्दल तोंडी विचारले, म्हणून कॉइलकडचा व्हॉल्व्ह उघडून तो द्रव वेळेत टाकीकडे काढून घेतला गेला. तातडीच्या कृतीनंतर यंत्रणा नेमकी कोणत्या स्थितीत उभी आहे, हे पुढच्या पाळीला लगेच कळायला हवे. कारण शोधायला चार दिवस लागतात आणि तो भाग तोवर कोराच असतो. पहिला भाग मात्र त्याच सकाळी पूर्ण होऊ शकतो.

कारणाच्या शोधालाही हा भाग आधीच लागतो, कारण तातडीची कृती पुरावा बदलते. इथे नट किती सैल होता, तो किती फेरे आवळला, हे कुणी टिपले नाही. दुसऱ्यांदा गळती झाल्यावर व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा स्पिंडलवर गंजाचे खड्डे दिसले आणि त्यांनी पॅकिंग आतून खरवडलेले होते. स्पिंडलवर बसणारी सील कॅप मे महिन्यात कारखाना बंद करताना परत लावलेली नव्हती, आणि पावसाळ्यातली खारी दमट हवा दोन महिने तिथे लागत राहिली. नट फक्त सैल झाला होता की पॅकिंगच खाल्ले गेले होते, हे फेऱ्यांच्या नोंदीवरून पहिल्याच दिवशी बरेचसे ओळखता आले असते. नट दोन-तीन फेरे आवळूनच गळती थांबली असती, तर पॅकिंगमध्ये दम उरलेला नाही असा संशय तेव्हाच आला असता.

आता तिसरा भाग, म्हणजे पुढे करायचे काम. पॅकिंग बदलणे एवढेच ‘यावे’ पाळले असते, तरी खड्डे पडलेल्या स्पिंडलने नवे पॅकिंगही खाल्ले असते. हे काम कारणातून निघाले पाहिजे, म्हणून ते कारणाच्या खाली येते: स्पिंडल बदलणे, बाकीच्या सगळ्या व्हॉल्व्हांच्या कॅप तपासणे, आणि दरवर्षी ३१ मेपूर्वी कारखाना बंद करण्याच्या यादीत कॅपची ओळ घालणे. प्रत्येकासमोर करणाऱ्याचे पद, तारीख आणि ते झाले हे कशावरून ठरवायचे, एवढे लिहावे. आयएसओ ९००१ मध्येही १०.२ या कलमात क्रम हाच आहे: आधी चूक आवरणे व दुरुस्त करणे, मग कारण, मग त्या कारणावरची कृती.

क्रियापदांबद्दल मी हट्टी आहे. पहिल्या भागात फक्त कर्त्यासह भूतकाळ लिहावा: «ऑपरेटरने ४ वाजून १३ मिनिटांनी कॉम्प्रेसर बंद केला.» तिसऱ्या भागात फक्त भविष्यकाळ. ‘करण्यात येत आहे’ हे रूप मी दोन्हीकडून खोडतो, कारण त्यातून काम सुरू झाले की नुसते ठरले, हे कुणालाच सांगता येत नाही.

एका बाबतीत आपले म्हणणे मला पटते. काही गोष्टी दोन्ही भागांत पाय ठेवून असतात. ती नळी वेगळी काढून व्हॉल्व्हला कुलूप आणि पाटी लावली असती, तर कुलूप लावणे ही झालेली कृती ठरली असती; पण ते कोण आणि कोणत्या अटीवर काढणार, हे पुढचे काम आहे. अशी गोष्ट मी दोन्हीकडे एकेका ओळीत लिहितो आणि पहिल्या भागात ‘अजून लागू’ असा शेरा देतो. त्या वेळचा कारणाबद्दलचा अंदाज कृतीला आधार होता, तर तोही पहिल्या भागात ‘तेव्हाचा अंदाज’ म्हणून राहू द्यावा आणि नंतर तो चुकीचा ठरला तरी खोडू नये.

लांबीचे म्हणाल, तर वरचे प्रकरण या तीन भागांत लिहिले, तरी सगळे मिळून दीड पान होते. ज्यांना कारण लगेच हवे असते, त्यांच्यासाठी मथळ्याखाली दोन ओळींचा सारांश द्यावा आणि त्यात कारण जरूर सांगावे. आपल्याकडचा एखादा जुना अहवाल नावे काढून पाठवलात, तर त्यातली ‘उपाययोजना’ या तीन भागांत कशी वाटली जाते, ते मी इथेच मांडून दाखवीन.