आठ खोटे नाना

माझा पगार भांडणं लावण्याचा आहे. घरगुती वस्तू विकणाऱ्या एका कंपनीच्या चॅटबॉटची मी टेस्टर. ग्राहकाने एक प्रश्न विचारला आणि बॉटने एक उत्तर दिलं, एवढं तपासणं सोपं असतं. पण खरा ग्राहक एका प्रश्नावर थांबला असता तर जगातली निम्मी कस्टमर केअर केंद्रं बंद पडली असती. बॉट पहिल्या फेरीत शहाणा असतो आणि दहाव्या फेरीत घसरतो. तिथवर त्याला न्यायचं तर समोर कुणीतरी चिवट हवं. माणसं बसवणं परवडत नाही, म्हणून दुसऱ्या एका एआय मॉडेललाच त्रासदायक ग्राहक करायचं आणि बॉटच्या अंगावर सोडायचं, असं ठरलं.

मी उत्साहाने सूचना लिहिली: ‘तू चिडलेला ग्राहक आहेस. तुझ्या मिक्सरचं चटणीचं भांडं फुटकं आलंय. भांड.’

ग्राहक उगवला. ‘नमस्कार. मला थोडी अडचण आली आहे. माझा ऑर्डर क्रमांक, खरेदीची तारीख आणि समस्येचा तपशील खालीलप्रमाणे आहे.’ खालीलप्रमाणे! फुटक्या भांड्याची तक्रार कुणी खालीलप्रमाणे करतं का? बॉटने दिलगिरी व्यक्त केली, ग्राहकाने ‘आपण समजून घेतल्याबद्दल मनःपूर्वक आभार’ मानले आणि पैसे, भांडं वगैरे क्षुद्र गोष्टींचा विषयही न काढता तो गेला.

मग मी ‘खूप चिडलेला’ असं लिहिलं. आता तो पहिल्याच वाक्यात तीन उद्गारचिन्हं घेऊन आला, दुसऱ्या वाक्यात ग्राहक मंचात जायची धमकी दिली आणि तिसऱ्यात विरघळला. दोष त्याचा नाही. या मॉडेलांना मदत करायला, समोरच्याचं ऐकून घ्यायला शिकवून शिकवून इतकं गुळगुळीत केलेलं असतं की राग त्यांच्या अंगावर भाड्याच्या शेरवानीसारखा दिसतो.

तिसऱ्या दिवशी तर कहरच झाला. ग्राहकच बॉटला विचारू लागला, ‘मी आपली काय मदत करू शकतो?’ बॉट म्हणाला, मीच आपली मदत करतो. तो म्हणाला, छे, मी करतो. पुढच्या सव्वीस फेऱ्या दोघं एकमेकांना शुभ दिवस चिंतत होते. लग्नातून निघताना दारात चपला घालून पाऊण तास बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांची मला आठवण झाली. फरक इतकाच की इथे दर वाक्याचं बिल येत होतं.

शोधलं तर चूक माझी निघाली. मॉडेलला संवाद देताना प्रत्येक वाक्य समोरच्याचं म्हणजे `user` चं, की मॉडेलचं स्वतःचं म्हणजे `assistant` चं, हे सांगावं लागतं. ग्राहक झालेल्या मॉडेलसाठी हे उलटं करायचं असतं: बॉटची वाक्यं त्याला `user` म्हणून दाखवायची, आणि त्याची स्वतःची `assistant` म्हणून. मी सगळी उलटली होती, फक्त बॉटचं सुरुवातीचं ‘नमस्कार, काय मदत करू?’ सोडून. त्यामुळे ते वाक्य आपणच बोललो असं ग्राहकाला वाटलं, आणि एकदा काउंटरमागे बसला की कुणालाही उठवत नाही. ते सरळ केलं, वीस फेऱ्यांची मर्यादा घातली आणि निघायचं असेल तेव्हा फक्त `###STOP###` लिही, असं सांगितलं.

भांडण लुटुपुटूचं, हा प्रश्न मात्र तसाच होता. त्याचं उत्तर रविवारी सकाळी घरीच मिळालं. नाना, म्हणजे माझे वडील, एका कंपनीशी फोनवर बोलत होते. योगायोगाने त्यांच्याही मिक्सरचं भांडं तडकलेलं आलं होतं. नाना एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं त्यांनी खिडकीच्या आतून तक्रारी ऐकल्या आणि निवृत्तीनंतर खिडकीच्या बाहेर आले.

मी कान देऊन ऐकलं. नाना एकदाही ओरडले नाहीत. ऑर्डर क्रमांक विचारल्यावर म्हणाले, “ते नंतर. आधी हे सांगा, भांडं पॅक कोण करतं?” फोनवरचा मुलगा नियम सांगू लागला की नाना शांतपणे म्हणायचे, “बरं. पण पैसे कधी?” मध्येच त्यांनी भांड्याऐवजी अख्खा मिक्सर मागितला. मध्येच गॅसवरचं दूध बघून आले.

तेव्हा लक्षात आलं की राग लिहायचाच नव्हता. वागणं लिहायचं होतं. सोमवारी सूचना अशी झाली:

```
तुला माहीत: भांडं तडकलंय, पार्सल ९ दिवसांपूर्वी आलं.
ऑर्डर क्रमांक: दुसऱ्यांदा विचारल्यावरच सांग.
हवं ते: पैसे परत. नकार आला तर किमान ४ वेळा पुन्हा माग.
भांडं बदलून देण्याची ठोस तारीख मिळाली तरच थांब.
एका वेळी एकच वाक्य. आभार मानू नकोस.
```

कंपनीचा नियम असा: पैसे परत ७ दिवसांच्या आत, त्यानंतर ३० दिवसांपर्यंत फक्त फुटका भाग बदलून. म्हणजे सूचनेतल्या ९ दिवसांच्या खोट्या नानांना पैसे नाहीत, भांडं आहे. बॉट पास झाला की नाही हे मी त्याच्या गोड बोलण्यावर ठरवत नाही. शेवटी डेटाबेस उघडते. भांड्याची एक नवी ऑर्डर हवी, परताव्याची नोंद नको, आणि संवादात परताव्याचं वचनही नको.

आमचे साहेब म्हणाले, “एकदा पास झाला ना? सोडा.” पण हीच सूचना, हाच बॉट, तरी दर खेपेला संवाद वेगळा होतो. म्हणून मी आठ नाना सोडले. पाच सुखरूप परतले. उरलेले तीन संवाद मी चहा घेऊन ओळीओळीने वाचले, कारण नापासाचा आकडा कोण नापास झालं ते सांगत नाही.

एका नानांना बॉटने मोबाइल नंबर विचारला. तो सूचनेत नव्हता, म्हणून नानांनी बेधडक दहा आकडे ठोकून दिले. खातं सापडलं नाही. यात बॉट बिचारा निर्दोष. दुसरे नाना तिसऱ्याच दिलगिरीला हळवे झाले आणि तारीख न घेताच उठले. हाही बॉटचा दोष नाही, नानांचं रक्त पातळ. तिसरे मात्र अस्सल. अकराव्या फेरीत, पाचव्यांदा “पण पैसे कधी?” ऐकल्यावर बॉट म्हणाला, आपला परतावा मंजूर झाला आहे. डेटाबेसमध्ये त्याची नोंदच नव्हती! नियमही मोडला आणि थापही मारली. पहिल्या फेरीत हाच बॉट नियम घडाघडा म्हणत होता.

नानांना मोबाइल नंबर दिला, ‘नसलेली माहिती विचारली तर आठवत नाही म्हण’ हे जोडलं, हळवेपणावर बंदी घातली. पुन्हा आठ. सात पास.

“म्हणजे झालंच की,” साहेब म्हणाले. मी हिशेब मांडला: दर दहात नऊ वेळा बरोबर वागणारा बॉटसुद्धा ओळीने आठही वेळा बरोबर वागण्याची शक्यता ४३ टक्केच. २०२४ साली आलेल्या टाऊ-बेंच नावाच्या चाचणीत असाच खोटा ग्राहक आहे. तिथे दुकानदारीच्या कामांत जीपीटी-४ओसारख्या त्या वेळच्या नावाजलेल्या मॉडेलचंसुद्धा आठही वेळा पास होण्याचं प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली होतं. साहेबांनी विचारलं, “डेमोला कितव्या नंबरचे नाना दाखवायचे?”

संध्याकाळी घरी हे सगळं नानांना सांगितलं. सूचना त्यांनी चष्मा लावून वाचली.

“चार वेळा कमी आहे,” म्हणाले. “आणि दूध बघायला जाणं नाही घातलंस.”

“पुढच्या वेळी घालते.”

“या खोट्या नानांना भांडं मिळालं का पण?”

“आठांतल्या सात जणांना.”

नानांनी चष्मा काढला आणि फोनकडे हात नेला. “मला अजून नाही आलं.”