फ्लश प्लेटचा रॉड: मनीषनगरच्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

«तुमचा लेख वाचून भिंतीतल्या फ्लश टाकीवरची प्लेट काढली आणि बटणांमागचे दोन्ही रॉड दोन-दोन फेरे फिरवून लांब केले. आधी बटण नुसतं जड होतं. आता आत गेलं की बाहेरच येत नाही, आणि कमोडमध्ये पाण्याची बारीक धार सुरू राहते. प्लंबर म्हणतो, आतला वॉल्व्ह गेला, बदला. दोन थेंब तेल टाकलं असतं तर काम झालं असतं. रॉडचं प्रकरण लोकांच्या गळ्यात कशाला मारता? – एक वाचक, मनीषनगर»

भाऊ, वॉल्व्हचे पैसे देण्याआधी एक छोटी तपासणी करा. प्लेट काढा, दोन्ही रॉड पूर्ण बाहेर घ्या आणि टाकी भरू द्या. कमोडची मागची आतली बाजू कोरड्या कापडाने पुसा आणि तिथे टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवा. दहा मिनिटांनी तो कोरडाच असेल तर वॉल्व्ह शाबूत आहे. लांब केलेले रॉडच वॉल्व्ह उचलणारा आतला लिव्हर दाबून धरत होते. लिव्हर किंचित दबलेला राहिला की वॉल्व्ह आपल्या जागेवर पूर्ण बसत नाही आणि धार सुरू राहते. बटण बाहेर न येण्याचं कारणही बहुधा हेच आहे. बऱ्याच प्लेटमध्ये बटणाला परत ढकलणारी ताकद मागच्या लिव्हरकडूनच येते. रॉड अडकून बसला की ती बटणापर्यंत पोहोचत नाही.

टिश्यू भिजला तर टाकीतला अँगल कॉक बंद करा. तो बहुतेक वेळा प्लेटमागच्या खिडकीतूनच हाताला लागतो. आता टाकीतल्या पाण्याकडे पाहा. पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाच्या जरा खाली येऊन थांबली आणि धारही थांबली, तर दोष पाणी भरणाऱ्या वॉल्व्हचा आहे, फ्लशच्या वॉल्व्हचा नाही. पातळी खाली-खाली जातच राहिली तर खालचं रबर सील गळतंय. अशा वेळी प्लंबरचं म्हणणं अर्धं बरोबर ठरतं. कारण बऱ्याच मॉडेलचं सील सुटं मिळतं, पूर्ण वॉल्व्ह घ्यावाच लागतो असं नाही.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. बटण जड लागलं म्हणजे रॉड आखूड आहे, असं धरून चालता येत नाही. ते कुठे जड लागतं, हे आधी बोटाला विचारावं लागतं. दाबायला सुरुवात करताना क्षणभर जोर लागतो आणि मग बटण अलगद जातं, हे चालतं. टाकीतल्या पाण्याचा भार सीलवर असतो आणि तो पहिल्या क्षणाला मोडावा लागतो. आधी असं नव्हतं आणि आता तो पहिला जोर खूप वाढला असेल, तर सीलवर क्षाराचा थर बसला असण्याची शक्यता आहे. तुमच्या सोसायटीत महापालिकेच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळत असेल तर हे लवकर होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत घासत गेल्यासारखं वाटलं तर रॉड किंवा बटण कशालातरी अडतंय. आणि बटण शेवटी प्लेटमागच्या फ्रेमला टेकतं पण फ्लश अर्धवटच होतो, अशा वेळीच रॉड आखूड असल्याचा संशय घ्या. लांब करण्याचा उपाय फक्त या शेवटच्या प्रकाराला लागू पडतो.

कुठे अडतंय हे कळायला प्लेट काढून लिव्हर थेट बोटाने दाबा. लिव्हर मोकळा दबला आणि झटकन परत आला, तर टाकीच्या आत काही बिघडलेलं नाही. दोष प्लेट, फ्रेम आणि रॉड या तिघांतच आहे. आपल्याकडच्या बाथरूममध्ये मला इथे सगळ्यात जास्त सापडतं ते वाळलेलं व्हाइट सिमेंट. टाइल बसवताना खिडकीवरचं प्लास्टिकचं झाकण काढून टाकलेलं असतं, ग्राउट आत उडतं आणि रॉड ज्या भोकातून जातो त्याच्या कडेला कडक होऊन बसतं. ते लाकडी काडीने खरवडून काढा. स्क्रू-ड्रायव्हरने काढायला गेलात तर भोकाची कड चिरते आणि रॉड तिथे कायमचा अडायला लागतो.

दुसरं कारण फ्रेमचे स्क्रू. भिंत थोडी वाकडी असेल आणि दोन्ही स्क्रू पिळून घट्ट केले, तर प्लास्टिकची फ्रेम वाकते, रॉड तिरके होतात आणि बटणाची कड प्लेटला घासते. स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि बटण दाबून पाहा. लगेच फरक पडला तर कारण सापडलं. मग फ्रेम हलणार नाही इतकेच घट्ट ठेवा.

हे दोन्ही पाहून झालं की रॉडला हात लावा. तुम्ही जे दोन फेरे लांब केलेत ते आधी परत आत घ्या. मग रॉडच्या टोकाला टूथपेस्टचा छोटा ठिपका लावून प्लेट बसवा, बटणाला हात न लावता पुन्हा काढा आणि लिव्हरवर डाग पडला का ते पाहा. डाग पडला म्हणजे रॉड आधीच टेकतोय. अर्धा-अर्धा फेरा आत घेत हेच पुन्हा करा. डाग पडणं बंद झालं की थांबा. रॉड आणि लिव्हरमध्ये एक ते दोन मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी. बटणावर बोट ठेवल्यावर ते आधी जरासं रिकामं हलतं आणि मग रॉडचा दाब जाणवतो, ती जागा म्हणजे हीच. अर्ध्या आणि पूर्ण फ्लशचे रॉड वेगवेगळे जुळवा. त्यांची लांबी सारखी असेलच असं नाही, म्हणून काढतानाच एकावर पेनाने खूण करा.

तुमच्या तेलाच्या मुद्द्यावर मी ठाम आहे: टाकू नका. घरात हाताशी असतं ते खोबरेल तेल, आणि नागपूरच्या थंडीत ते थिजतं. जानेवारीत बटण आणखी जड होईल. शिवणयंत्राचं किंवा इंजिनाचं तेल आत ओघळून सीलच्या रबराला लागलं तर रबर फुगतं, आणि मग खरोखरच गळती सुरू होते. घासणाऱ्या प्लास्टिकवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात चालतो, पण तोही अडथळा काढल्यानंतर. सीलवर क्षार असेल तर ते सुटं काढून कोमट पाण्यात निंबू सत घालून अर्धा तास ठेवा आणि मऊ ब्रशने घासा. फरशी धुण्याचं अ‍ॅसिड तिथे वापरू नका, त्याने रबर आणि प्लेटची चकाकी दोन्ही जातात.

एक अडचण मात्र फिरवून सुटत नाही. जुन्या टाइलवर नवी टाइल चढवलेली असेल तर भिंतीची जाडी वाढते आणि प्लेट तेवढी पुढे येते. रॉड पुरत नाही म्हणून लोक तो शेवटच्या दोन-तीन आट्यांवर आणून ठेवतात. मग तो डुलतो, तिरका होतो, भोकाच्या कडेला घासतो आणि बटण आतच राहतं. तुमच्याकडेही वरून टाइल चढली असेल तर रॉडचे किती आटे धरून आहेत ते मोजा. पाच-सहापेक्षा कमी असतील तर त्याच मॉडेलचा लांब रॉड आणा. दुकानात जाताना जुना रॉड आणि प्लेटच्या मागच्या बाजूचा फोटो सोबत ठेवा, कारण एका कंपनीचा रॉड दुसऱ्या कंपनीच्या फ्रेममध्ये सहसा बसत नाही.