शेवटच्या बाकापर्यंतचा आवाज

"आजी, ओरडू नकोस," असे मला माझ्या नातवाने काल तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा इतक्या गोडीने सांगितले, की तो सूर मला लगेच ओळखू आला. वर्गातल्या कच्च्या मुलांसाठी मी तोच राखून ठेवत असे.

अपूर्णांकांच्या भागाकाराचा माझा पहिला व्हिडिओ होता. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून हातभर अंतरावर ठेवला होता आणि मी मात्र ३२ वर्षांच्या सवयीने शेवटच्या बाकाशी बोलत होते. नातवाने ॲपमध्ये आवाजाच्या लाटा दाखवल्या. त्यांची टोके कात्रीने कापल्यासारखी सपाट झाली होती. माइकला पेलत नाही इतका मोठा आवाज आला की तो असा फाटतो, आणि मागाहून कमी केला तरी फाटकाच राहतो. मोबाइल लांब ठेवला, तर खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर माझ्या बरोबरीने शिकवू लागली. तेव्हा मोबाइल पुन्हा जवळ आला, पंखा बंद झाला आणि घाम पुसत हळू बोलण्याची शिक्षा मला झाली.

चौथ्या प्रयत्नाला शेजारचे भाऊसाहेब आले आणि "मी आहे असे समजूच नका" म्हणून माझ्यासमोरच बसले. "३/४ भागिले १/८ किती?" असे विचारून, मुलांना विचार करता यावा म्हणून मी थांबले. ती शांतता भाऊसाहेबांनी स्वतःकडे घेतली.

"३/३२!"

"तो गुणाकार झाला, भाऊसाहेब. उत्तर ६ आहे."

"बाई, पाऊणला भागून सहा? भागल्यावर संख्या कमी व्हायला नको का?"

कॅमेरा, घाम, नातू, सगळे विसरून मी टाचणाचा एक कागद फाडला. त्याची लांब पट्टी केली, तीनदा दुमडून उलगडली आणि तिचे आठ सारखे भाग त्यांच्यापुढे धरले. "पट्टीचा पाऊण भाग मोजा. त्यात असे तुकडे किती बसतात?" भाऊसाहेबांनी बोट ठेवून मोजले, खात्री पटेना म्हणून उलट बाजूने पुन्हा मोजले आणि म्हणाले, "सहा. पण हे तुम्ही आधी का नाही सांगितले?" आधी मी चार पानी टाचणातून तेच सांगत होते, परंतु मोठ्याने.

"आजी, हाच ठेवू या," नातू म्हणाला. "यात तुझा आवाज एकदाही फाटलेला नाही."

म्हणजे माझी दोन दिवसांची तयारी बाजूला पडली आणि भाऊसाहेबांची शंका राहिली! त्यांना त्याचे काही वाटले असावे, असे मला उगाचच वाटले.

"मी दिसतो का त्यात?" त्यांनी विचारले.

"नाही, नुसते ऐकू येता."

"मग पुन्हा घेऊ या की," भाऊसाहेब खुर्ची माझ्या बाजूला ओढत म्हणाले. पंखा अजूनही बंदच होता.