सिनेमात गिटार आली, बँड मात्र बाहेरच थांबला

हिंदी सिनेमातल्या रॉकचा विषय निघाला की सगळे पंचमपाशी, म्हणजे आर. डी. बर्मनपाशी येऊन थांबतात, दम मारो दम, मेहबूबा मेहबूबा, संपला विषय. पंचमवर माझंही प्रेम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. सत्तरच्या दशकात आपल्या गाण्यात रॉकचा आवाज आला, वाद्यं आली, ती वाजवणारे एकापेक्षा एक लोक होते, पण बँड आला नाही. पाचसहा जण एका खोलीत बसून एकमेकांचं ऐकत गाणं घडवतात ती पद्धत सिनेमात यायला पुढे जवळजवळ पस्तीस वर्षं लागली. आणि मधल्या काळात जे झालं ते मला तरी खऱ्या रॉकपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

पडद्यावर बँड आधीपासून होताच की. १९६५ च्या गुमनाममधलं जान पहचान हो आठवा, स्टेजवर टेड लायन्स अँड हिज कब्ज हा खराखुरा बँड गिटारी घेऊन उभा आहे. पण आवाज रफीचा आणि संगीत शंकर जयकिशनचं, म्हणजे बँड दिसायला आणि गाणं नेहमीच्या यशस्वी पद्धतीने स्टुडिओत तयार झालेलं. पुढच्याच वर्षी तीसरी मंझिल आला, त्यात शम्मी कपूर ड्रमर आहे आणि त्याच्यासाठी ड्रम वाजवलेत लेस्ली गोदिन्हो यांनी. तेव्हा ड्रम म्हणजे क्लबचा सीन, हिरोचा धंदा, कॅब्रे, असं काहीतरी कारण लागायचं. सत्तरनंतर ते कारण लागेनासं झालं हा खरा फरक.

आता दम मारो दम घ्या, १९७१. सुरुवातीला नुसती गिटार आहे. वाजवलीय भूपिंदर सिंग यांनी, बारा तारांची. हो, तेच नाम गुम जाएगा वाले भूपिंदर. दिल्लीत आकाशवाणीवर होते, मदनमोहननी त्यांना मुंबईत आणलं आणि हकीकतमध्ये गायला लावलं. बारा तारांच्या गिटारमध्ये तारांच्या सहा जोड्या असतात, खालच्या चार जोड्यांत एक जाड आणि एक तिच्याच वरच्या सप्तकातली बारीक तार, त्यामुळे साधा स्ट्रोक मारला तरी दोन गिटारी वाजल्यासारखं भरीव ऐकू येतं. गंमत म्हणजे त्याच सुमाराच्या अमर प्रेममध्ये चिंगारी कोई भडकेला जी गिटार आहे ती पण त्यांचीच, आणि दोन्ही गाणी शेजारी शेजारी लावली तर एकाच माणसाचा हात आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. ह्याला मी सेशन म्युझिशियन म्हणतो. बँडमधल्या गिटारिस्टला स्वतःची एक ओळख सांभाळायची असते, ह्याला सकाळी हिप्पी आणि दुपारी नावेतला उदास राजेश खन्ना व्हायचं असतं.

आणि दम मारो दममध्ये नुसती गिटार नाहीये. चरणजीत सिंग यांचं ट्रान्सिकॉर्ड आहे, म्हणजे अकॉर्डियनसारखं दिसणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य. खाली बेस चाललाय, ड्रम चाललेत, वर आशाबाई आणि कोरसमध्ये हरे कृष्ण हरे राम. चाल थोड्याच सुरांत फिरते आणि कॉर्ड, म्हणजे खाली एकदम वाजणारे सुरांचे गट, फार बदलत नाहीत, त्यामुळे एक धुंद गोल फिरल्याचा फील येतो. आपल्या नेहमीच्या गाण्यात चाल आधी होते, संगीतकार पेटी घेऊन बसतो, गीतकाराशी सिटिंग होते, मग असिस्टंट नोटेशन घेतो आणि कॉर्ड त्या चालीच्या खाली नंतर बसवल्या जातात. रॉकमध्ये बऱ्याचदा उलटं, आधी गिटारचा रिफ, म्हणजे परत परत येणारा छोटा तुकडा, मग त्याच्यावर शब्द. दम मारो दम मला ह्या दोघांच्या मध्ये कुठेतरी वाटतं. ते पेटीवर वाजवून बघा, चाल ओळखू येते, पण निम्मं गाणं गायब होतं. पन्नासच्या दशकातलं कुठलंही गाजलेलं गाणं पेटीवर पूर्ण उभं राहतं. माझी ही साधी टेस्ट आहे आणि बऱ्याच वादात कामाला येते.

आता बेसबद्दल, कारण त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोठा बदल तिथेच झाला. आधी ऑर्केस्ट्रात उभा डबल बेस असायचा, तो खाली हळूच आधार द्यायचा, घरच्या रेडिओवर तर ऐकूही यायचा नाही. बेस गिटार आली आणि ती चक्क स्वतःची चाल वाजवायला लागली. पंचमकडे टोनी वाझ होते, लक्ष्मी-प्यारेंकडे प्यारेलालजींचे भाऊ गोरख शर्मा. पण प्रॉब्लेम असा की आपल्या तबल्याचा डग्गा पण त्याच खालच्या पट्ट्यात घुमतो. डग्ग्याला घिस्सा असतो, आवाज वाकतो, आणि बेस गिटार नेमक्या सुरावर ठाम उभी असते. दोन्ही एकदम जोरात वाजले तर खाली नुसता चिखल होतो, आवाज मोठा येतो पण सूर कुठला ते कळत नाही. जुन्या स्टेज ऑर्केस्ट्रात स्पीकर खराब असले की हा चिखल सगळ्यांनी ऐकलाय.

म्हणून पंचमची गाणी नीट ऐका. बेस जिथे धावतोय तिथे ठेका बऱ्याचदा बोंगोवर असतो, मादल नावाच्या नेपाळी ढोलकीवर असतो, कसल्यातरी घासणाऱ्या खुळखुळणाऱ्या वस्तूवर असतो, म्हणजे तळाची जागा बेसला सोडून ताल वर सरकलाय. मादल रणजित गझमेर यांचं, सगळे त्यांना कांचा म्हणतात, हरे रामा हरे कृष्णामधल्या कांची रे कांचीपासून ते पंचमसोबत. लोक म्हणतात पंचमला चित्रविचित्र आवाजांची हौस होती. हौस होतीच, पण त्या हौसेत अरेंजरचा हिशोब पण होता असं माझं ठाम मत आहे. तबला काढून टाकला असं झालं नाही, त्याचं काम वाटून दिलं. मारुतीराव कीर रिदमला होते, स्वतः तबल्यातला माणूस, ते हे वाटप बघायला असताना तबल्याची मजा जाईलच कशी.

ड्रमकिटची भानगड वेगळी. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये वगैरे तेव्हा रेकॉर्डिंग व्हायचं ते सगळे एकत्र बसून, व्हायोलिनवाले, रिदमवाले, गिटारी, कोरस, आणि गायक बूथमध्ये. एकाने चूक केली की सगळ्यांचा टेक परत. आता व्हायोलिन हळू आवाजाचं वाद्य आणि ड्रमची झांज म्हणजे अख्ख्या हॉलच्या माइकमध्ये शिरणार, एकदा शिरली की रेकॉर्डिस्टला ती वेगळी काढता येत नाही कारण वेगळा ट्रॅकच नाही. त्यामुळे ड्रमवाला पार्टिशनच्या आड आणि हात आखडता. त्या काळातली गाणी ऐकताना हायहॅट म्हणजे पायाने मिटायची झांजांची जोडी अगदी घट्ट बंद, पायाने वाजणारा मोठा किक ड्रम मऊ, मोठी झांज फक्त मोक्याच्या जागी, असं ऐकू येतं. त्याच काळात इंग्लंड अमेरिकेतले रॉक ड्रमर हॉल हादरवत होते आणि आपला ड्रमर तीस व्हायोलिनींना सांभाळून घेत होता. ऐकायला मात्र इतकं टाइट की आज डीजे लोक तेच तुकडे कापून वापरतात.

कर्ज, १९८०, ह्याच्यावर पण दोन वाक्यं टाकतोच, कारण एक हसीना थी ची गिटार म्हणजे गोरख शर्मा, आणि अख्खी सिनेमाची गोष्ट त्या गिटारच्या सुरावर टांगलेली आहे, ती धून वाजली की मागचा जन्म आठवतो. पण नीट ऐकलं तर ती गिटार स्वच्छ आहे, फाटलेला आवाज कुठेच नाही, आणि तिच्यामागे लक्ष्मी-प्यारेंचा व्हायोलिनचा ताफा पूर्ण जोरात. रॉकस्टारच्या हातातली गिटार आणि मागे सिंफनी. मला आवडतं, पण रॉक म्हणू नका कृपया.

मग मुंबईत खरे रॉकवाले नव्हते का? होते ना. आत्माराम भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे, सत्तरच्या दशकात इंग्रजी रॉक गाणारा, अलेक पदमसींच्या जीझस क्राइस्ट सुपरस्टारमधला, पुढे पुलंच्या तीन पैशाचा तमाशामध्ये आपल्या मराठी रंगभूमीवर तो आवाज घेऊन आला. हिंदी सिनेमात तो बहुतेकांना भेटतो डिस्को डान्सरमध्ये, कृष्णा धरती पे आजा तू, १९८२, बप्पीदांकडे. म्हणजे गायक म्हणून बोलावला, बँड बाहेरच. सिनेमाला तयार टोळी परवडतच नव्हती, पैशाने म्हणत नाहीये, पद्धतीने. नोटेशन बघून दोन तासात पीस बसवणारा माणूस हवा होता आणि बँडला तर एका गाण्यावर महिनाभर भांडायचं असतं.

ऐंशीत डिस्को आणि मग सिंथ आणि रिदम मशीन, नव्वदीत प्रोग्रॅमिंग, त्यात ड्रमर बरेचसे घरीच बसले. त्या काळाबद्दल मला फार काही बोलायचं नाही, गाणी चांगली होती पण ह्या विषयात ती मधली सुट्टी आहे. पापा कहते हैं मध्ये आमिरच्या हातात गिटार आहे, बस.

२००७ च्या लाइफ इन अ मेट्रोमध्ये प्रीतम स्वतः बँड घेऊन पडद्यावर रस्त्यात उभा राहतो आणि २००८ ला रॉक ऑन. तिथे शंकर एहसान लॉयने एक महत्त्वाचं काम केलं, गाणं बँडच्या मापाचं ठेवलं. एहसान नूरानी मुळातच गिटारिस्ट. डिस्टॉर्शन लावलेल्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाडलेल्या गिटारवर पूर्ण कॉर्ड वाजवली तर सगळे सूर एकमेकांवर घासून घरघर होते, म्हणून दोनच सुरांची पॉवर कॉर्ड वाजवतात, आणि तीसुद्धा गायकाच्या आवाजाच्या पट्ट्यातली बरीच जागा खाते. मग व्हायोलिनला जागाच उरत नाही, ती काढावीच लागतात. आणि गायकाला एकतर वर चढून ओरडावं लागतं नाहीतर बोलल्यासारखं गावं लागतं. फरहान अख्तरचा आवाज खरखरीत म्हणून लोकांनी नावं ठेवली, पण तिथे सोनू निगम असता तर तो गोड आवाज गिटारीत बुडाला असता किंवा गिटार मिक्समध्ये मागे ढकलावी लागली असती, आणि इतकी वर्षं आपण हेच दुसरं करत आलो होतो.

रॉकस्टारमधलं साड्डा हक, २०११, रहमान. लीड गिटार ओरियान्थीची. हे गाणं पेटीवर घेऊन बसा, माझी तीच टेस्ट. मुखड्यात हाताला फारसं काही लागत नाही, दोनचार सूर आणि एक घोषणा. सत्तरीत ही चाल सिटिंगमध्येच कोणीतरी हसून बाजूला ठेवली असती. ती उभी आहे गिटार, ड्रम आणि मोहित चौहानच्या ताणलेल्या गळ्यावर, आणि त्यातलं एक जरी काढलं तरी गाणं खाली बसतं.