ब्रीफ असा लिहा की रायटरने तीनदा परत लिहिलंच पाहिजे

तुम्ही कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट आहात, फ्रीलान्सरला ब्रीफ पाठवायचाय आणि विषय आहे ऑनलाइन सातबारा. माझ्याकडे असे बरेच ब्रीफ येऊन गेलेत, त्यामुळे यातलं मला कळतं असं समजून ऐका.

सुरुवात कीवर्डपासून. टूलमधून सगळ्यात लांब शेपटीचा उचला, म्हणजे "सातबारा उतारा ऑनलाइन महाराष्ट्र फ्री डाउनलोड", आणि खाली लिहा की हजार शब्दांत १५ वेळा आलाच पाहिजे, जसाच्या तसा, मध्ये विभक्ती प्रत्यय सुद्धा नको. मग रायटर बिचारा लिहितो, "सातबारा उतारा ऑनलाइन महाराष्ट्र फ्री डाउनलोड करण्याआधी सातबारा उतारा ऑनलाइन महाराष्ट्र फ्री डाउनलोड म्हणजे काय ते पाहू." गूगलच्या स्पॅम धोरणात कीवर्ड कोंबण्याला नावानिशी जागा आहे, पण ते धोरण वाचत बसायला वेळ कोणाकडे आहे?

आता त्या "फ्री"कडे बघू पण नका, कारण बघितलं तर घोळ होईल. bhulekh.mahabhumi.gov.in वर जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकून उतारा फुकट दिसतो हे खरं, पण तो नुसता माहितीसाठी, कायदेशीर कामाला चालत नाही. बँकेत द्यायचा तर digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सहीचा घ्यावा लागतो, १५ रुपये भरून. म्हणजे तोच कीवर्ड टाइप करणारी दोन माणसं आहेत, एकाला नुसतं आपलं नाव लागलंय का ते बघायचंय आणि दुसऱ्याला उद्या पीककर्जाची फाईल द्यायचीय, आणि दोघांना लागणारा लेख वेगळा आहे. हा माणूस उताऱ्याचं करणार काय, ही एक ओळ ब्रीफमध्ये टाकली असती तर पूर्ण लेख सरळ लागला असता. म्हणून ती ओळ टाकूच नका.

ऑडियन्सच्या रकान्यात "वय १८ ते ६५, पुरुष व महिला, ग्रामीण व शहरी" लिहा. कोणी सुटलं नाही पाहिजे. त्यात पुण्यात फ्लॅट घेणारा पण आला, ज्याला बऱ्याचदा सातबारा नाही तर मालमत्ता पत्रक लागतं, कारण सिटी सर्व्हे झालेल्या जागेचा तोच कागद. तो तुमचा लेख शेवटपर्यंत वाचेल, पोर्टलवर जाऊन तासभर गट नंबर शोधेल आणि मग शिव्या देईल, पण तोपर्यंत पेजवर थांबण्याचा वेळ किती छान वाढला असेल बघा!

सोर्सेस. इथे हात आखडता घ्या. "गूगलचे पहिले पाच लेख बघा आणि आपल्या शब्दांत लिहा, प्लेजरिझम ० टक्के" एवढंच पुरतं. त्या पाचातल्या चारांनी पाचव्यावरून उचललेलं असतं आणि पाचवा कधीचा आहे कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे गाव नमुना १२ मध्ये पिकाची नोंद तलाठी शेतावर येऊन करतो असं अजूनही छापून येतं. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीचं अॅप आलंय, शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढून नोंद करायची असते, मुदतीत, आणि तुमचा लेख वाचून तो तलाठ्याची वाट बघत बसला तर बाराच्या रकान्यात पीक येणार कुठून? पोर्टल स्वतः उघडून आजचा स्क्रीनशॉट घ्या, एखाद्या तलाठ्याला फोन करा असलं काही चुकूनही सुचवू नका. सुचवलं तर रायटर फोनचा वेळ बिलात लावेल.

टोन सोपा आहे. "प्रोफेशनल पण फ्रेंडली, अधिकारवाणीने पण गप्पांसारखा, थोडा विनोदी." नमुना म्हणून एकही परिच्छेद जोडू नका, वाचकाला तुम्ही म्हणायचं का तू ते सांगू नका, आणि फेरफार की म्युटेशन, खातेदार की लँड ओनर हेही रायटरवरच सोडा. पहिल्या ड्राफ्टवर "छान, पण अजून पंच हवा" लिहा. दुसऱ्यावर "क्लायंटला जरा फॉर्मल हवंय". तिसऱ्यावर पहिलाच ड्राफ्ट बरा होता असं कळवा, तेही त्याने फाईल डिलीट केल्यावर.

परवा मी असाच एक ब्रीफ घेऊन रात्री साडेदहाला मेसेज टाकला, की मॅडम, वाचकाला उतारा नुसता बघायचाय का बँकेत द्यायचाय, म्हणजे १५ रुपयांचं वर घेऊ का खाली? पाच मिनिटं टायपिंग टायपिंग दिसत होतं.

मग उत्तर आलं, "दोन्ही घ्या ना, पण १५ रुपये नका लिहू, कीवर्डमध्ये फ्री आहे."