आठव्या स्क्रूचे पैसे

आज संध्याकाळी निलेश भेटला, जिन्यात. आमच्याच मजल्यावरचा. बायकोचं ऑपरेशन होऊन परवा घरी आले दोघं. म्हटलं, बिल किती झालं रे? म्हणाला, दोन लाख चाळीस. म्हटलं, डिटेल बिल बघितलंस? तर खिशातून एक कागद काढला. एकच पान! वर हॉस्पिटलचा लोगो, खाली आठ ओळी, शेवटी शिक्का. त्यातली एक ओळ "औषधे व इतर : 71,300".

इतर म्हणजे काय रे, निलेश?

"ताई, विचारायला कसंतरी वाटलं. डॉक्टर इतके चांगले, त्यांना काय वाटेल?"

आणि ह्या माणसाने भर दुपारी सोनं तारण कर्जाच्या रांगेत उभं राहून बायकोच्या बांगड्या ठेवल्या. कसंतरी वाटलं म्हणून. जेवताना सगळा वेळ तेच डोक्यात होतं, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबणार आहे.

मुळात, बाबांनो, डॉक्टर बिल बनवत नाहीत. डॉक्टर आपली फी सांगतो, पुढचं सगळं बिलिंग, फार्मसी आणि ऑपरेशन थिएटरच्या म्हणजे ओटीच्या स्टोअरवाले बिलात भरतात. बिलाचं ब्रेकअप, म्हणजे कशाचे किती लावले त्याची फोड, मागितलं म्हणजे डॉक्टरवर संशय घेतला असं होत नाही. मंडईत मेथीची जुडी उलटी करून बघणारे आपण, आणि काचेमागे संगणक दिसला की आपली दातखीळ बसते.

माझ्या आईची गोष्ट अर्ध्या लोकांना माहीत आहे, तरी परत सांगते. चार महिन्यांपूर्वी भांडुपच्या आमच्या इमारतीच्या ओल्या पायरीवरून आई घसरली. घोटा मोडला. प्लेट आणि स्क्रू टाकावे लागले. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, आणि कमेंटमध्ये विचारू नका. भरती करताना अंदाज दिला होता 1,40,000 चा. पॉलिसी नाही. चौथ्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, जा घरी. बाराला बिल आलं : 1,97,350. आम्ही डिपॉझिट भरलेलं 60,000.

मी पतपेढीत एकोणीस वर्षं खातेवह्या बघते. त्यामुळे तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे : "हे प्रोव्हिजनलच ठेवा, फायनल करू नका. मला आधी ब्रेकअप द्या." हे वाक्य पाठ करून ठेवा, प्रोव्हिजनल म्हणजे कच्चं बिल. बिल एकदा फायनल होऊन पैसे भरले की चूक सापडली तरी आधी रक्कम कमी केल्याची क्रेडिट नोट, मग अकाउंट्सची सही, मग रिफंड. महिनाभर हेलपाटे. प्रोव्हिजनल असताना तीच चूक दोन मिनिटांत निघते.

काचेमागची मुलगी म्हणाली, "मॅडम, डिटेल बिल नंतर मेलवर येईल, आधी पेमेंट करा." मी म्हटलं, आधी कागद. पेशंटला पैसे भरतानाच तपशीलवार बिल मिळायला हवं, हे रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलंय. आपल्या राज्यातल्या नर्सिंग होमच्या नियमांत 2021 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ती सनद दर्शनी भागात लावायलाच हवी. त्या हॉस्पिटलात लावलेली होतीही, पाण्याच्या कूलरच्या मागे. मी बोट दाखवलं. तिने मान वळवून बघितलं आणि प्रिंटर चालू केला. अकरा पानं निघाली.

आता अकरा पानं हातात आली म्हणून सगळं वाचत बसू नका. रूमचे दिवस आणि सर्जनची फी तिथे सहसा फार चुकत नाही, ती अंदाजात कळलेलीच असते. गोम असते ती औषधं आणि इम्प्लांटमध्ये. आमच्याकडे औषधं व कन्झ्युमेबल्स, म्हणजे वापरून टाकायच्या वस्तू, 46,850 आणि इम्प्लांट, म्हणजे प्लेट आणि स्क्रू, 38,500.

औषधांचं कसं असतं, तर वॉर्डमधून फार्मसीला इंडेंट म्हणजे मागणीचा कागद जातो, माल वर येतो, आणि वर आला त्या क्षणी बिलाला लागतो. पेशंटला दिला की नाही हा वेगळा प्रश्न. उरलेलं सिस्टर परत पाठवतात, त्याची रिटर्नची एंट्री पडते, तेव्हा ते बिलातून वजा होतं. डिस्चार्जच्या सकाळी सिस्टरने निळ्या पिशवीत इंजेक्शनच्या बाटल्या आणि सलाइन भरून खाली पाठवलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि बिलात रिटर्न शून्य! अँटिबायोटिकच्या बाटल्या लावलेल्या दहा. मी वॉर्डमध्ये जाऊन सिस्टरला म्हटलं, जरा औषधांचा चार्ट दाखवता का? प्रत्येक डोसपुढे वेळ आणि सही असते. मोजल्या, दिलेले डोस सहा. चार बाटल्या 420 च्या दराने 1,680, बाकीचा परत गेलेला माल 2,190. एकूण 3,870. कोणी चोरी केली नव्हती. पिशवी फार्मसीच्या टेबलाखाली पडली होती, एंट्री करायची राहिली होती, बस. पण मी विचारलं नसतं तर ती पिशवी कोणाच्या खात्यात गेली असती?

आणि आता स्क्रू. बिलात प्लेट एक, स्क्रू नऊ, प्रत्येकी 1,450. मी ऑपरेशननंतरचा एक्स-रे काढला आणि बिलिंगसमोरच्या खिडकीला लावून मोजायला लागले. सिक्युरिटीवालाही येऊन बघायला लागला. एक लक्षात ठेवा, एक्स-रे समोरून आणि बाजूने असा दोन्हीकडून काढलेला असतो, आणि एका बाजूने बघितलं तर स्क्रू एकावर एक येतात. दोन्हीकडून मोजा. मी तीनदा मोजले. सातच.

मग मी इम्प्लांटच्या व्हेंडरचं चलन, म्हणजे माल पुरवणाऱ्याची मालाची यादी, मागितलं. स्टेंटसारख्या सीलबंद वस्तूवर स्टिकर असतो, तो फाइलमध्ये चिकटवतात. पण हाडाच्या स्क्रूचा अख्खा सेटच ट्रेमध्ये निर्जंतुक करून ओटीत जातो, एकेका स्क्रूला सहसा स्टिकर नसतो. किती वापरले ते चलनावर आणि ऑपरेशनच्या नोटमध्येच कळतं. चलनावर नऊ होते. नोट बघितली तर त्यात लिहिलेलं, एक स्क्रू लांबीला जास्त झाला म्हणून काढून दुसरा घातला. बरं. हाडात घालून काढलेला स्क्रू परत वापरत नाहीत, हे मलाही पटतं. म्हणजे आठ. नववा कुठला, ह्याला उत्तर नव्हतं. 1,450 वजा झाले. शिवाय फिजिओथेरपीची एक व्हिजिट ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची लावलेली, जेव्हा आईचा पाय प्लास्टरच्या स्लॅबमध्ये होता. ते 800.

सगळं मिळून 6,120 कमी झाले. बिल 1,91,230 वर आलं. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी चार तास? हो. माझ्या आईची चार महिन्यांची औषधं येतात त्यात.

खरं सांगायचं तर बिलावरून भांडताना मला काही वाटलं नाही, पण हप्ते मागताना मात्र आवाज बसला. निलेशला मघाशी जे बोलले ते आत्ता लिहिताना थोडं जड जातंय. कसंतरी वाटतंच. मागे रांगेत लोक उभे, आणि आपण म्हणायचं, माझ्याकडे एकरकमी नाहीत.

मी काउंटरवर म्हटलं तर उत्तर आलं, "ईएमआय आहे ना मॅडम," आणि एका फायनान्स कंपनीचा माणूस पुढे आला. हा घोळ नीट समजून घ्या. ते हॉस्पिटलचे हप्ते नव्हेत, ते तुमच्या नावावरचं कर्ज. हॉस्पिटलला पैसे लगेच मिळतात, तुम्ही देणं लागता कंपनीला. "नो कॉस्ट" म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी आहे का, ते लेखी विचारा. क्रेडिट कार्डाच्या हप्त्याचंही तेच. ते कर्ज वाईटच असं म्हणत नाही, सोनं ठेवण्यापेक्षा कधी कधी बरं पडतं. पण सही करण्याआधी एकूण किती भरणार तो आकडा मागा.

मला हवे होते हॉस्पिटलचेच हप्ते. ते कॅशियरच्या हातात नसतं, त्या बिचारीला सवलतीचा एक रुपयाही सोडता येत नाही. मी तिथेच कोऱ्या कागदावर ॲडमिनिस्ट्रेटरच्या नावाने अर्ज लिहिला : एकूण बिल इतकं, डिपॉझिट 60,000, आत्ता 50,000 भरते, उरलेले 81,230 सहा हप्त्यांत देईन, पगार एक तारखेला होतो म्हणून चेक सात तारखेचे. "परिस्थिती बेताची आहे, कृपा करावी" असलं काही लिहिलं नाही. नुसते आकडे आणि तारखा. साहेब आधी नाहीच म्हणाले. मग अर्ज परत वाचला आणि म्हणाले, सहा नाही, चार. तीन चेक 20,000 चे, शेवटचा 21,230 चा. हमीपत्रावर सही केली. अर्जाच्या माझ्या प्रतीवर पोच घेतली. पुढच्या तारखेचा चेक देताना मात्र विचार करा, तो परत आला तर कलम 138 खाली फौजदारी प्रकरण होतं. जेवढं झेपेल तेवढंच लिहा.

आणि हो, बिलासाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही. पण त्याने देणं माफ होत नाही, ते पैसे मागायचा हॉस्पिटलला हक्क आहेच. बिल बुडवून पळणारेही असतात, मान्य. तेवढं पुरे हॉस्पिटलवाल्यांच्या बाजूने.

ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर आणखी एक. तिथे 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड घेऊन तिथल्या मेडिकल सोशल वर्करला भेटा, आणि शक्यतो भरती होतानाच. आमचं ट्रस्टचं नव्हतं.

त्या काचेमागच्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. मी दुपारी तिच्यावर आवाज चढवला होता. संध्याकाळी पाचला सगळं झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्या पप्पांच्या वेळी मी इथेच कामाला होते, तरी मी नव्हतं मागितलं." तेव्हापासून दर सात तारखेला मी पावती घ्यायला स्वतः जाते. पावतीवर बाकी किती ते ती हाताने लिहून देते, मागावं लागत नाही.

शेवटचा चेक परवा वटला. उद्या नो ड्यूजचं पत्र आणायला जायचंय. निलेशला म्हटलंय, तूही तुझी फाइल आणि तो एकपानी कागद घेऊन चल तुझ्या हॉस्पिटलात. भरलंस म्हणून ब्रेकअप मागायचा हक्क जात नाही, फक्त चकरा जास्त पडतील. तो "बघतो" म्हणाला. मी सकाळी नऊला त्याची बेल वाजवणार आहे.

आई हे सगळं पलंगावरून ऐकत होती. तिचा एक्स-रे अजून कपाटावर आहे. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती तो खिडकीला धरून दाखवते आणि म्हणते, "सात आहेत बघा. आठव्याचे पैसे भरलेत आम्ही, तो तेवढा दिला नाही मेल्यांनी."