कोण म्हणालं सैल?

रविवारी दुपारी जेवून जरा पडलो होतो तर आईने छातीवर फोन ठेवला आणि म्हणाली, "हे कोण म्हणालं ते सांग." धाकट्या मावशीने स्क्रीनशॉट पाठवला होता, मामाच्या मुलीच्या केळवणाच्या ग्रुपवरचा, ज्यात आई नवीन नंबर घेतल्यापासून नाहीच आहे. खाली मावशीचा मेसेज, "मला कुणाचं नाव घ्यायचं नाही, पण बघ लोक कशी हसतात." आणि नाव घ्यायचं नाही म्हणून बाईने सगळ्या नावांवर बोटाने काळं फासलेलं.

मूळ मुद्दा एका कोट केलेल्या मेसेजात होता. "ताईला पुरणपोळी नको सांगायला, तिची कंबर दुखते आणि खरं सांगू का मागच्या होळीला पुरण इतकं सैल..." आणि पुढे टिंबं, कारण कोटमध्ये दोनतीन ओळीच दिसतात आणि मावशीच्या फोनवर अक्षरं एवढी मोठी की तीन ओळीत मावतं तरी किती. त्या कोटखाली कुणीतरी "हो ना" आणि दोन हसणारे चेहरे.

"वहिनीच!" आई म्हणाली. "सैल हा शब्द तिचाच आहे."

म्हणलं थांब, असा न्याय नको. आधी कुणाकुणाची वाक्यं आहेत ते तर बघू. हसणाऱ्या बबलच्या खाली एक बबल होता, "हॉल पण छोटा आहे", त्याच्यावर काळं नाही आणि नावही नाही. आईला वाटलं मावशी फासायला विसरली. तसं नसतं, एकाच माणसाने लागोपाठ दोन मेसेज टाकले की नाव फक्त पहिल्यावर येतं आणि त्या पहिल्याच बबलला कोपऱ्यात ते टोक असतं. म्हणजे हसणारी आणि हॉलवाली बाई एकच. आईने लगेच विचारलं, "बाईच कशावरून?" हे मात्र मला सांगता येईना.

मग तिसऱ्या कुणीतरी हॉलचा मेसेज कोट करून लिहिलेलं "हो ना", आणि चौथीने "हो ना" कोट करून लिहिलेलं, "नाहीतर काय, बाहेरचंच बघू." आता इथे आई पेटली. बाहेरचंच म्हणजे पोळ्या बाहेरच्या, सैल नसलेल्या! घोळ असा की कोटचा कोट दिसत नाही, चौथीच्या मेसेजात फक्त "हो ना" दिसतं, ते हो ना पुरणाला का हॉलला हे नाही. खऱ्या चॅटमध्ये कोटवर बोट ठेवलं की मूळ मेसेजवर जाता येतं. आईने फोटोवरच दोनदा बोट आपटलं, फोटो मोठा झाला.

पण मावशीचं बोट सरळ फिरलं नव्हतं. तिसऱ्या नावाच्या काळ्या रेघेखालून केशरी कड दिसत होती आणि चौथीच्या कोटला डावीकडे जी उभी पट्टी असते तीही केशरी. नाव आणि पट्टी एकाच रंगाची असते, म्हणजे हे हो ना हॉलवालं. बाहेरचा हॉल. आई जरा शांत झाली, पण म्हणाली, "सैल कोण म्हणालं ते राहिलंच."

आता त्या कोटवरचं नाव. बाकी सगळीकडे काळी रेघ चांगली लांबलचक, कारण मावशी नावं सेव्ह करते ती "मोठ्या वहिनी ठाणे नवीन नंबर" अशी. इथे मात्र रेघ एवढीशी, तीन अक्षरं झाकतील इतकी. एवढं छोटं नाव आपल्यात कुणाचंय? आई म्हणाली कुणाचंच नाही. मलाही आधी सुचेना, मग आठवलं, ज्याचा फोन असतो त्याचाच मेसेज कुणी कोट केला की नावाच्या जागी You येतं.

मी काही बोललो नाही. नुसती रेघ छोटी आहे म्हणून सख्ख्या मावशीवर आळ कसा घ्यायचा. मग फोटोचा वरचा काठ नीट पाहिला, तिथून तिने कापला होता पण पूर्ण कापला गेला नव्हता. उजव्या बाजूला हिरव्या बबलची शेवटची ओळ शिल्लक होती, "झालं की वाटीने वाढावं लागलं", बाजूला 11:42 आणि दोन निळ्या टिका. टिका फक्त आपल्याच मेसेजला असतात. कोटमधलं अर्धं वाक्य आणि ही ओळ जोडून आईला वाचून दाखवलं, फाटलेल्या चिठ्ठीसारखं तंतोतंत जुळलं.

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "निळ्या म्हणजे काय?"

ग्रुपमध्ये निळ्या म्हणजे सगळ्यांनी वाचलं, हे सांगायला नको होतं पण सांगून बसलो.

तिने मावशीला फोन लावला. आवाज एकदम गोड. "अगं, केळवणाची पुरणपोळी मीच करतेय हो, सांग सगळ्यांना. नाही नाही, कंबर बरी आहे. तू काही आणू नकोस, फक्त वाट्या आण. पंचवीस."